जपानी मालक कंपनीचा एकत्रित ताळेबंद आणि आमची टॅली : गुडविल, मायनॉरिटी इंटरेस्ट जुळेना

शिरोलीचा_हिशेबनीस

मंडळी, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत एका छोट्या कंपनीचे हिशेब बघतो. कास्टिंग विकत घेऊन मशिनिंग करायचं आणि वॉल्व्हचे भाग बनवायचे, हा धंदा. माझी धाव टॅली, जीएसटी, टीडीएस आणि ऑडिटला कागद काढून देणं इथपर्यंत. ३१ मार्च २०२४ ला मालकांनी ८० टक्के शेअर एका जपानी कंपनीला विकले. उरलेले २० टक्के थोरले साहेब आणि त्यांच्या बहिणीकडे आहेत.

आता जपानहून त्यांच्या ग्रुपच्या मार्च २०२५ च्या एकत्रित ताळेबंदाचं इंग्रजी भाषांतर आलंय. साहेबांनी प्रिंट टेबलावर टाकली आणि म्हणाले, "ह्यात आपण कुठं आहोत ते शोध, आणि माझे वीस टक्के बरोबर धरलेत का बघ." चार दिवस बघतोय, जुळत नाही.

त्यांच्या बाकी सगळ्या कंपन्या शंभर टक्के त्यांच्याच आहेत, आणि आम्हाला घेण्याआधी ताळेबंदात गुडविल नव्हतं. म्हणजे पुढचे आकडे आमच्यामुळेच आलेत. सगळं दशलक्ष येनमध्ये आहे. गुडविल गेल्या वर्षी ६४, यंदा ५६. कॅश फ्लोमध्ये गुडविलचं अमॉर्टायझेशन, म्हणजे यंदा त्यातून कमी केलेला भाग, ६. मग ५८ का नाही? बाहेरच्या भागधारकांचा वाटा, म्हणजे मायनॉरिटी इंटरेस्ट, गेल्या वर्षी ३७, यंदा ४२. नफ्यातला त्यांचा वाटा ५.

आमच्याकडचे आकडे (थोडे गोल केलेत) : विक्रीच्या दिवशी नेटवर्थ ९ कोटी, या वर्षी करानंतरचा नफा १.८० कोटी, डिव्हिडंड नाही, म्हणजे आता १०.८० कोटी. त्याचे २० टक्के २.१६ कोटी. मार्च २०२५ ला जपानला पाठवायच्या आकड्यांच्या पॅकेजमध्ये आम्ही १ रुपया = १.७५ येन धरला होता, त्यानं ४२ ला भागलं तर २.४० कोटी येतात. म्हणजे ताळेबंदात जास्त दाखवलंय. नफ्यात उलटं. आमचे २० टक्के ३६ लाख व्हायला हवेत, त्यांचे ५ दशलक्ष येन वर्षाच्या सरासरी १.८० दरानं जेमतेम २८ लाख होतात. ताळेबंदात जास्त आणि नफ्यात कमी, हे एकाच वेळी कसं?

आणि ते गुडविल कुठल्या लेजरमधून आलं? आमच्या टॅलीत त्या नावाचं खातंच नाही.

---

कॉमर्सकट्टा

सोपं आहे. ८० टक्क्यांना किती दिले ते बघा, त्यावरून शंभर टक्क्यांची किंमत काढा, तिचे २० टक्के म्हणजे मायनॉरिटी. ताळेबंदात पुस्तकी किंमत नसते, बाजारभाव असतो. म्हणून तुमच्या २.१६ पेक्षा त्यांचा आकडा मोठा आहे. गुडविलमध्येही मायनॉरिटीचा वाटा धरलेला असणार.

---

शिरोलीचा_हिशेबनीस

१२ कोटी दिले होते. म्हणजे शंभर टक्क्यांचे १५ कोटी, आणि २० टक्के ३ कोटी. पण त्यांच्याकडे २.४० आहे, ३ नाही. आणि सुरुवातीचे ३७ म्हणजे त्या वेळच्या १.८० दरानं २.०५ कोटीच्या आसपास होतात.

---

वसुली_अण्णा

गुडविलवर घसारा आता मिळत नाही हे लक्षात ठेवा. २०२१ च्या फायनान्स ॲक्टनं ते बंद केलंय. आमच्या एका पक्षकाराचं रिटर्न त्यावरून अडकलं होतं. तुमच्या जपान्यांनी ६ अमॉर्टायझेशन टाकलंय ते इन्कम टॅक्सला मान्य होणार नाही. सीएला लगेच सांगा.

---

मृणाल_योकोहामा

अण्णा, तो मुद्दा वेगळ्या जागचा आहे. ती तरतूद आयकराच्या हिशेबातल्या गुडविलची. इथं शिरोलीच्या कंपनीनं गुडविल घेतलेलंच नाही, तिच्या रिटर्नमध्ये ते येणारच नाही. हा ६ चा आकडा फक्त ग्रुपच्या एकत्रित कागदावर आहे, कुणाच्याही कर विवरणात नाही.

मी मूळची सांगलीची, इकडे एका कंपनीच्या एकत्रीकरण विभागात काम करते. तुमच्या ग्रुपचा कागद मी पाहिलेला नाही, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बराचसा उलगडा होईल. आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. एकत्रित ताळेबंदाला लेजर नसतं. ग्रुप नावाच्या कंपनीची टॅली कुठंच नसते. दर वर्षी सगळ्या कंपन्यांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडतात, बेरीज करतात, आणि त्या बेरजेवर एका वर्कशीटमध्ये नोंदी टाकतात. त्या नोंदी तुमच्या पुस्तकात येत नाहीत आणि मालक कंपनीच्याही पुस्तकात येत नाहीत. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा कोऱ्या बेरजेपासून सुरुवात होते आणि गेल्या वर्षीच्या नोंदी आधी परत टाकाव्या लागतात. तुम्ही टॅलीत शोधत बसलात म्हणून सापडलं नाही.

१२ कोटीही तुमच्या कंपनीत आले नाहीत, जुन्या मालकांच्या बँकेत गेले. तुमच्या पुस्तकात त्या दिवशी बदललं ते फक्त भागधारकांचं रजिस्टर. खरेदीची नोंद जपानी कंपनीच्या पुस्तकात आहे : उपकंपनीचे शेअर, १२ कोटी. आता बेरीज करताना त्यांची ही गुंतवणूकही येते आणि तुमचं नेटवर्थही येतं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा. म्हणून गुंतवणूक आणि तुमचं भांडवल एकमेकांसमोर खोडतात. १२ कोटींसमोर तुमच्या भांडवलाचा त्यांचा हिस्सा ठेवला की जे उरतं ते गुडविल.

आता प्रश्न असा की भांडवल कुठलं धरायचं? तुमचे पुस्तकातले ९ कोटी नाही. विक्रीच्या सुमारास कुणी व्हॅल्युअर येऊन गेला होता का?

---

शिरोलीचा_हिशेबनीस

हो, ताई. दोघं आले होते, सगळ्या मशीनचे फोटो आणि नंबर घेऊन गेले. आमच्या सीएनजी लेथ... सॉरी, सीएनसी लेथ आणि मशिनिंग सेंटरची पुस्तकी किंमत घसाऱ्यानं बरीच उतरली होती. त्यांच्या रिपोर्टात ती पुस्तकापेक्षा २ कोटींनी जास्त आहे, उरलेलं आयुष्य ८ वर्षं धरलंय. जागेत काही फरक दाखवला नाही. पण ते २ कोटी आम्ही पुस्तकात घेतले नाहीत, ऑडिटरनं नको म्हटलं.

---

मृणाल_योकोहामा

ऑडिटर बरोबर आहेत. ते २ कोटी वर्कशीटमध्ये आहेत. आता बघा.

तुमचे ९ कोटी, त्यात मशीनचे २ कोटी मिळवा. पण या वाढीव किमतीवर पुढे आयकरात घसारा मिळणार नाही, म्हणून त्यावरचा कर आत्ताच बाजूला काढतात. २५ टक्के धरू, म्हणजे ५० लाख. उरले १०.५० कोटी. मालक कंपनीचे ८० टक्के ८.४० कोटी, दिले १२ कोटी, गुडविल ३.६० कोटी. त्या दिवशीच्या १.८० दरानं ६४.८ दशलक्ष येन.

बाहेरच्यांचे २० टक्के १०.५० कोटींवर, म्हणजे २.१० कोटी. १.८० दरानं ३७.८ दशलक्ष येन.

तुमच्या कागदावर ६४ आणि ३७ आहे, ६५ आणि ३८ नाही, कारण जपानी कंपन्या बहुतेक वेळा दशलक्षाखालचा आकडा जवळच्या पूर्णांकाला नेत नाहीत, सरळ छाटून टाकतात. भाषांतराच्या सुरुवातीला बारीक अक्षरात लिहिलेलं असेल. त्यामुळे बेरजाही एखाद्याने चुकलेल्या दिसतात. तुमचं २.०५ आलं ते ३७ ला भागलंत म्हणून. छोट्या उपकंपनीसाठी ही छाटणी मोठी असते. ५.९ असेल तरी ५ छापतात.

कॉमर्सकट्टा, तुम्ही म्हणता ती पद्धत अस्तित्वात आहे. आंतरराष्ट्रीय मानकात, आयएफआरएसमध्ये, बाहेरच्या भागधारकांचा वाटा बाजारभावानं धरायचा पर्याय आहे आणि मग गुडविलमध्ये त्यांचाही हिस्सा येतो. जपानी मानकात तो पर्याय नाही. मशीन शंभर टक्के नव्या किमतीला येतात, म्हणून बाहेरच्यांना त्या वाढीतला वाटा मिळतो. पण गुडविल फक्त मालक कंपनीनं ज्याचे पैसे मोजले तेवढंच.

---

कॉमर्सकट्टा

म्हणजे बाजारभावाचं माझं अर्धं बरोबर होतं. पण मग जपानी लोक गुडविल दर वर्षी कमी का करतात? आयएफआरएसमध्ये तर ते तसंच ठेवून फक्त इम्पेअरमेंट, म्हणजे किंमत घसरली का, ते बघतात. आमच्या क्लासमध्ये तेच शिकवलं.

---

मृणाल_योकोहामा

हा ग्रुप जपानी मानकावर आहे म्हणून. इथं गुडविल २० वर्षांच्या आत अमॉर्टाइझ करावंच लागतं, किती वर्षं ते कंपनी ठरवते. तुमच्या ६ वरून दिसतंय की १० वर्षं धरलीत. ३.६० कोटींचा दहावा हिस्सा ३६ लाख, सरासरी १.८० दरानं ६.४८ दशलक्ष. छाटून ६. इम्पेअरमेंटही आहे, पण त्याची लक्षणं दिसली तरच.

आता ६४ उणे ६ बरोबर ५८ का नाही. हे गुडविल येनमध्ये गोठवलेलं नाही. भारतीय धंद्याचं आहे म्हणून ते रुपयात धरतात आणि दर वर्षअखेरीला त्या दिवशीच्या दरानं येनमध्ये आणतात. ३.६० कोटींतून ३६ लाख गेले, उरले ३.२४ कोटी. ते १.७५ दरानं ५६.७ दशलक्ष. ६४.८ मधून ६.४८ वजा केले तर ५८.३२ येतात. मधला १.६२ चा फरक रुपया येनच्या तुलनेत उतरल्याचा आहे. तो नफा-तोट्यात जात नाही, निव्वळ मालमत्तेच्या भागात परकीय चलन रूपांतराची एक ओळ असते, तिच्यात जातो. कागदात शोधा, सापडेल. तिथं उणे आकड्याच्या आधी कंस नसेल, छोटा त्रिकोण असेल : △. जपानी ताळेबंदात उण्याची खूण ती आहे. भाषांतर करणारे ती पुष्कळदा तशीच ठेवतात आणि वाचणाऱ्याला वाटतं वाढ झाली.

---

शिरोलीचा_हिशेबनीस

अरे देवा. मी त्रिकोण म्हणजे वाढ समजत होतो! आता ती ओळ वाचता येतेय.

गुडविल कळलं. आता नफा. आमचे १.८० कोटी आहेत. ३६ लाखांचं गुडविल अमॉर्टायझेशन काढलं तर १.४४ उरतात, त्याचे २० टक्के २८.८ लाख. हे ५ दशलक्षाशी जुळतंय की! म्हणजे साहेबांच्या वाट्यालाही गुडविल लागलं का?

---

मृणाल_योकोहामा

जुळल्यासारखं दिसतंय, पण तो योगायोग आहे. २८.८ लाख म्हणजे ५.१८ दशलक्ष, छाटलं की ५. खरा आकडा ५.४ असेल तरी ५ च. म्हणूनच छापलेल्या आकड्यावरून पद्धत सिद्ध होत नाही. गुडविल फक्त मालक कंपनीचं आहे तर त्याचं अमॉर्टायझेशनही फक्त तिच्याच वाट्याला. साहेबांना त्याची झळ नाही. ताळेबंदातल्या २.४० कोटींशीही ताडून बघा : २.१० मध्ये २८.८ लाख मिळवले तर २.३९ कोटी होतात, १.७५ दरानं ४१.८, छाटून ४१. तुमच्या कागदावर ४२ आहे.

दुसरं काहीतरी वजा झालंय. एक तर मशीन. २ कोटींची वाढ ८ वर्षांत घासायची, म्हणजे वर्षाला २५ लाख जादा घसारा. त्यावरचा कर २५ टक्क्यांनी परत घ्यायचा, निव्वळ १८.७५ लाख. हे तुमच्या टॅलीत नाही, वर्कशीटमध्ये आहे. आणि मशीनच्या वाढीत बाहेरच्यांचा वाटा आहे, म्हणून या घसाऱ्यातही आहे.

मला सांगा, तुम्ही मालक कंपनीला माल विकता का? आणि वर्षअखेरीला त्यांच्या गोदामात तुमचा किती माल पडला होता?

---

शिरोलीचा_हिशेबनीस

वर्षाला ६ कोटींचा माल त्यांना जातो. मार्चअखेर त्यांच्याकडे १ कोटीचा पडून होता, त्यांनीच मेल करून विचारलं होतं आणि त्यावरचं मार्जिन मागितलं होतं. मी १५ टक्के लिहून पाठवलं. कशाला पाहिजे होतं ते विचारलं नाही.

हेही विचारायचं होतं. आमचे ६ कोटी त्यांच्या विक्रीत कुठं दिसत नाहीत. विभागवार तक्त्यात ॲडजस्टमेंट्स नावाच्या रकान्यात भला मोठा त्रिकोणी आकडा आहे. तो आमचाच का?

---

मृणाल_योकोहामा

तो सगळा तुमचा नाही. त्या रकान्यात विभागांमधली आपसातली विक्री आणि कुठल्याच विभागात न टाकलेला मुख्य कार्यालयाचा खर्च, दोन्ही कोंबलेले असतात. तक्त्याखालची टीप वाचा, फोड तिथं असते. तुमची विक्री तर तिथं न येताही खोडली गेली असेल, कारण एकाच विभागातल्या दोन कंपन्यांची आपसातली विक्री तक्त्याच्या आधीच काढून टाकतात.

६ कोटींची विक्री आणि ६ कोटींची खरेदी समोरासमोर खोडतात, त्यानं नफ्याला काही होत नाही. नफ्याला धक्का लागतो तो गोदामातल्या १ कोटीमुळं. त्या मालावर तुम्ही १५ लाख नफा लावून विकलाय. तुमच्या पुस्तकात तो खरा आहे, बिल झालंय. पण ग्रुपच्या नजरेत माल अजून बाहेर गेलाच नाही, शिरोलीतून उचलून जपानात ठेवलाय एवढंच. म्हणून ते १५ लाख साठ्याच्या किमतीतून आणि नफ्यातून काढतात. कर २५ टक्क्यांनी परत, निव्वळ ११.२५ लाख.

विक्री उपकंपनीकडून मालकाकडे झाली आहे, म्हणजे खोडलेला नफा उपकंपनीचा. तो पूर्ण खोडतात आणि बाहेरच्यांनाही त्यांच्या टक्क्यानं सोसावा लागतो. उलटी विक्री असती, म्हणजे जपानहून तुमच्याकडे, तर बाहेरच्यांच्या वाट्याला हात लागला नसता.

आता जुळवा.

पुस्तकी नफा १८० लाख
जादा घसारा, कर जाता, उणे १८.७५
न विकलेल्या मालातला नफा, कर जाता, उणे ११.२५
उरले १५० लाख

त्याचे २० टक्के ३० लाख. सरासरी दरानं ५.४ दशलक्ष, छापलं ५. आणि २.१० कोटींत ३० लाख मिळवले की २.४० कोटी, १.७५ दरानं बरोबर ४२. तुमच्या पुस्तकी २.१६ शी फरक २४ लाखांचा : मशीनच्या वाढीतले ३० लाख मिळाले आणि यंदाच्या नफ्यातले ६ लाख गेले. ताळेबंदात जास्त आणि नफ्यात कमी का, ते इथं आहे. वाढ खरेदीच्या दिवशी एकदम आली, आणि आता ती घसाऱ्यातून वर्षावर्षाला झिजत जाणार.

---

सीए_ठाकूर_बेळगाव

मृणालताई, मांडणी छान. एक शंका. गोदामातल्या नफ्यावरचा कर तुम्ही भारतातल्या दरानं धरलात. आयएफआरएसमधल्या आयएएस १२ प्रमाणं खरेदीदाराचा दर लागतो, कारण माल आता त्याच्या पुस्तकात आहे आणि वजावट त्याला मिळणार. जपानचा दर ३० टक्क्यांच्या आसपास आहे. मग १५ लाखांवर ४.५० लाख कर, आणि निव्वळ १०.५० लाख. माझा एक क्लायंट आयएफआरएसवर आहे, तिथं आम्ही हेच करतो.

---

मृणाल_योकोहामा

आयएफआरएससाठी तुमचं बरोबर. जपानी मानक या एका जागी वेगळं वागतं : विकणाऱ्यानं प्रत्यक्ष भरलेला कर पुढे ढकलायचा, म्हणून दर विक्रेत्याचा. त्याला मर्यादाही आहे, विक्रेत्याच्या त्या वर्षीच्या करपात्र नफ्यापेक्षा जास्त नफ्यावर हा कर धरता येत नाही. शिरोलीच्या कंपनीला नफा आहे म्हणून प्रश्न येत नाही.

अजून एक गृहीत धरलंय ते सांगते. जपानी नियमाप्रमाणं परदेशी उपकंपनीचे आकडे आयएफआरएस किंवा अमेरिकी मानकावर आणून जोडता येतात, आणि त्यावर गुडविलसारख्या ठरावीक बाबी जपानी पद्धतीनं दुरुस्त करतात. तुमची पुस्तकं एएस या भारतीय लेखा मानकांवर आहेत. भाड्याचं गोदाम असेल, ग्रॅच्युइटीची पद्धत वेगळी असेल, तर पॅकेजमध्येच आणखी एखादी दुरुस्ती निघेल. तुमचे आकडे तिच्याशिवाय जुळले म्हणजे ती नगण्य असावी, पण छाटलेल्या दशलक्षात लाखभर रुपये सहज लपतात.

---

सीए_ठाकूर_बेळगाव

मान्य. शिरोलीकर, तुम्हाला अजून एक सापळा लागेल, आत्ताच सांगतो. मालक कंपनीचा स्वतंत्र ताळेबंदही भाषांतरात जोडलेला असेल. त्यात उपकंपनीच्या शेअरचा आकडा १२ कोटींच्या २१६ दशलक्षापेक्षा मोठा दिसेल. वकील, ड्यू डिलिजन्स, सल्लागार यांची फी स्वतंत्र पुस्तकात शेअरच्या किमतीत घालतात, एकत्रितमध्ये ती खर्च म्हणून टाकतात. त्या मोठ्या आकड्यावरून गुडविल काढू नका.

---

शिरोलीचा_हिशेबनीस

आहे साहेब, २२३ आहे. ७ दशलक्ष म्हणजे ३९ लाख फी! आमच्या साहेबांना हे दाखवलं तर ते वेगळ्याच विषयावर जातील.

---

फाउंड्री_पोरगा

आमच्याकडं मालक कंपनी जर्मन आहे, पण खोडाखोडीचा त्रास तोच. सांगतो, कारण तुमच्याकडंबी होणार. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंटेनर न्हावाशेवाहून निघाला. आम्ही विक्री टाकली, येणंबी टाकलं. तिकडं माल मे महिन्यात पोचला, त्यांनी मार्चला काहीच टाकलं नाही. मग आमचं येणं आणि त्यांचं देणं यात ४० लाखांचा फरक, आणि रात्री अकराला मेल की तुमची चूक दुरुस्त करा. मी म्हटलं बिल ऑफ लेडिंग बघा, आमची विक्री कायद्यानं पक्की आहे. शेवटी त्यांच्या बाजूला वाटेतला माल म्हणून साठा दाखवला आणि देणं उभं केलं. तेव्हापासनं मी मार्चच्या शेवटच्या प्रत्येक इनव्हॉइसचा जहाजाचा दिनांक पॅकेजसोबतच पाठवतो.

---

मृणाल_योकोहामा

यात एक भर घाला. वाटेतल्या त्या मालातही तुमचा नफा आहे. गोदामातला साठा विचारताना वाटेतला विसरतात, आणि मग न विकलेला नफा कमी खोडला जातो. शिरोलीकर, तुमच्या १ कोटीत वाटेतला धरलाय का ते एकदा विचारून घ्या. आणि १५ टक्के हे मार्जिन विक्रीवरचं दिलंत की खर्चावरचं? विक्रीवर १५ टक्के म्हणजे १५ लाख. खर्चावर १५ टक्के म्हणजे १ कोटीच्या मालात १३ लाखच नफा. मेलमध्ये नुसतं "मार्जिन" लिहिलं की तिकडचा माणूस त्याला वाटेल ते धरतो.

---

शिरोलीचा_हिशेबनीस

विक्रीवरचं दिलं होतं, तसं लिहिलंयही. वाटेतल्या मालाचं उद्या विचारतो.

आता साहेबांचा प्रश्न. सकाळी त्यांना हे ३६ आणि ३० समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे माझे ६ लाख गेले." मी म्हटलं गेले नाहीत, वर्कशीटमध्ये आहेत. त्यांना ते पटलं नाही, खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आलं नाही.

---

सीए_ठाकूर_बेळगाव

त्यांना सांगा, डिव्हिडंड एकत्रित ताळेबंदावरून निघत नाही. तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या पुस्तकातल्या नफ्यातून निघतो. तिथं १.८० कोटी आहेत आणि बोर्डानं ठरवलं तर त्यांच्या २० टक्क्यांना त्यातलाच वाटा. जपानच्या वर्कशीटनं त्यात एक पैसा कमी होत नाही.

---

मृणाल_योकोहामा

आणि ६ लाखांतले दोन भाग वेगळे सांगा. ११.२५ लाखांचे २० टक्के म्हणजे २.२५ लाख. तो माल जपानात बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकला गेला की पुढच्या वर्षी हे परत येतात. फक्त तेव्हा वर्षअखेरीला नवा माल पडलेला असेल, त्याचा नफा नव्यानं खोडला जाईल. साठा सारखाच राहिला तर येणारं-जाणारं जवळजवळ फिटतं. उरलेले ३.७५ लाख मशीनच्या घसाऱ्याचे. ते आठही वर्षं येणार, आणि त्या आठ वर्षांत मिळून सुरुवातीला मिळालेले ३० लाख संपणार. साहेबांनी ते ३० लाख कागदावर मिळाले तेव्हा आनंद मानला नव्हता, मग झिजताना दुःख कशाला?

---

शिरोलीचा_हिशेबनीस

हे वाक्य मी त्यांना सांगणार नाही :) पण हिशेब सांगतो.

एक राहिलं. शेअर विक्रीच्या करारात लिहिलंय की उरलेले २० टक्के २०२७ नंतर मालक कंपनी विकत घेऊ शकते, आणि किंमत कंपनीच्या "मागील तीन वर्षांच्या सरासरी करपश्चात नफ्याच्या" पटीत. कुठल्या पुस्तकातला नफा, ते लिहिलेलं नाही. जपानच्या मॅनेजरनं बोलता बोलता "ग्रुप रिपोर्टिंगमधला नफा" असा शब्द वापरला. म्हणजे १.८० की १.५०?

---

कॉमर्सकट्टा

स्वतंत्र पुस्तकातलाच. ऑडिटेड म्हटलं की तोच.

---

सीए_ठाकूर_बेळगाव

"ऑडिटेड" हा शब्द करारात आहे का ते आधी बघा. नसेल तर मी कॉमर्सकट्टांइतका निश्चिंत नसतो. पॅकेजही ऑडिटर तपासतात. ३० लाखांचा फरक आहे, पटीत गेला की मोठी रक्कम होते. आत्ताच पत्र पाठवून व्याख्या ठरवून घ्या, २०२७ पर्यंत थांबू नका. पण पत्र वकिलाकडून जाऊ दे, अकाउंटंटकडून नको.

---

मृणाल_योकोहामा

मला यात ठाम बोलता येणार नाही, करार पाहिल्याशिवाय तर नाहीच. वर्कशीटमधला घसारा हा मालक कंपनीच्या खरेदीमुळं आला, तो विकणाऱ्याच्या किमतीतून कापणं मला योग्य वाटत नाही. गोदामातल्या नफ्याचं मात्र मी दोन्ही बाजूंनी वाद घातलेला पाहिलाय. आणि तुमचं ते सरासरीचं वर्ष २०२४-२५ त्यात येतं की नाही, तेही मोजून घ्या.

---

शिरोलीचा_हिशेबनीस

करारात "ऑडिटेड" नाही, आत्ताच काढून बघितला. "कंपनीच्या हिशेबांप्रमाणे" एवढंच आहे. साहेबांना दाखवतो. वाटेतल्या मालाचं जपानहून उत्तर आलं की इथंच टाकतो.